रात्रीचा बाजार आणि उशाशी ठेवलेली ऑर्डर

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज आणि नॅसडॅक या अमेरिकेतल्या दोन मोठ्या बाजारांचे नियमित कामकाज तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेनऊला सुरू होते आणि दुपारी चारला संपते. भारतात तेव्हा संध्याकाळचे सात ते रात्रीचे दीड वाजलेले असतात, पण हे वर्षभर तसेच राहत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. भारतात असा प्रकार नसल्यामुळे थंडीच्या चार महिन्यांत तोच बाजार इथे रात्री आठला उघडतो आणि पहाटे अडीचला बंद होतो. २०२६ मध्ये हे बदल ८ मार्च आणि १ नोव्हेंबरला येतात. बदलानंतरच्या सोमवारी बाजार उघडायला तासभर उशीर का झाला, म्हणून अॅपला दोष देणारे दरवर्षी निघतात.

नियमित वेळेच्या दोन्ही बाजूंना आणखी सौदे होतात. बाजार उघडण्यापूर्वीचे प्री-मार्केट सत्र उन्हाळी वेळेत भारतातल्या दुपारी दीडपासून चालू असते, आणि बंद झाल्यानंतरचे आफ्टर-अवर्स सत्र पहाटे साडेपाचपर्यंत चालते. या दोन्ही सत्रांत गिऱ्हाईक कमी असते. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत अंतर मोठे पडते आणि थोड्याशा शेअरनेही भाव हलतो. कंपन्यांचे तिमाही निकाल नेमके याच वेळात जाहीर होतात. बहुतेक मोठ्या कंपन्या बाजार बंद झाल्यावर किंवा उघडण्यापूर्वी आकडे सांगतात, म्हणजे सर्वांना ते वाचायला वेळ मिळतो. भारतातल्या गुंतवणूकदाराच्या दृष्टीने यातला बंद झाल्यानंतरचा निकाल सर्वांत गैरसोयीचा असतो, कारण तो मध्यरात्र उलटून गेल्यावर येतो.

खुद्द सत्रातही सगळे तास सारखे नसतात. उलाढाल पहिल्या तासात आणि शेवटच्या तासात जास्त असते, मधे ती मंदावते. पहिली पंधरा-वीस मिनिटे भाव सैरभैर असतात, कारण रात्रभर साचलेल्या ऑर्डरी एकदम बाहेर येतात. उन्हाळी वेळेत साडेसात ते नऊ हा काळ पुरेशी उलाढाल आणि बऱ्यापैकी स्थिर भाव अशा दोन्ही गोष्टी देतो, आणि तो जेवणाच्या वेळेच्या आतबाहेर बसतो. शेवटचा तास मात्र साडेबारा ते दीडचा. तो गाठण्यासाठी जागणे नोकरदार माणसाला आठवड्यातून एकदाही परवडत नाही, आणि त्याची गरजही फारशी नसते. महागाई आणि रोजगाराचे सरकारी आकडे तिथल्या सकाळी साडेआठला येतात, म्हणजे भारतात उन्हाळी वेळेत संध्याकाळी सहाला, बाजार उघडण्यापूर्वीच. फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय तेवढा रात्री साडेअकराला येतो आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद बाराला सुरू होते. हिवाळ्यात या दोन्ही वेळा तासाने पुढे जातात. फेडच्या रात्री भाव आधी एकीकडे आणि अर्ध्या तासात उलट दिशेला जाणे नेहमीचेच आहे. त्या रात्री नवी ऑर्डर न टाकता झोपणे हा चांगला निर्णय ठरतो.

रात्रीच्या व्यवहारातला खरा धोका मात्र सत्राच्या आत नसतो, तो दोन सत्रांच्या मधल्या पोकळीत असतो. उन्हाळी वेळेत रात्री दीडला बंद झालेला बाजार पुन्हा संध्याकाळी सातला उघडतो. मधले साडेसतरा तास नियमित सौदे होत नाहीत, पण बातम्या येतच असतात. शुक्रवारचे सत्र भारतात शनिवारी पहाटे संपते आणि पुढचे सोमवारी संध्याकाळी उघडते, तेव्हा ही पोकळी साडेपासष्ट तासांची होते. या वेळात मतपरिवर्तन झाले तर भाव एका आकड्यावर बंद होऊन दुसऱ्याच आकड्यावर उघडतो आणि मधल्या भावांना एकही सौदा होत नाही. यालाच गॅप म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआय मॉडेलची चर्चा शनिवार-रविवारी तापली. एनव्हिडियाचा शेअर शुक्रवारी १४२.६२ डॉलरवर बंद झाला होता, तो २७ तारखेच्या सोमवारी १२४.८० वर उघडला आणि ११८.४२ वर बंद झाला. शुक्रवारी १३५ ला विकायचे ठरवलेल्या माणसाला सोमवारी तो भाव मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत एका शेअरला दिवसभरासाठी ठरलेली वरची-खालची मर्यादा नाही. भाव फार वेगाने सरकला तर सौदे पाच मिनिटे थांबवतात, एवढेच. आपल्याकडच्या पाच, दहा किंवा वीस टक्क्यांच्या सर्किटची सवय असलेल्यांना ही गोष्ट पहिल्या मोठ्या पडझडीत कळते.

झोपण्यापूर्वी कोणती ऑर्डर ठेवावी हा प्रश्न या पोकळीमुळेच अवघड होतो. त्यासाठी मेटा कंपनीची २०२२ सालची रात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. २ फेब्रुवारीला, बुधवारी, मेटाचा शेअर ३२३ डॉलरवर बंद झाला. भारतात तेव्हा गुरुवारचे पहाटेचे अडीच वाजले होते. त्यानंतर लगेच निकाल आले. फेसबुकच्या दैनंदिन वापरकर्त्यांची संख्या पहिल्यांदाच घटली होती, आणि अॅपलने आयफोनमध्ये केलेल्या गोपनीयतेच्या बदलांमुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल असे कंपनीने सांगितले. गुरुवारी रात्री आठला बाजार उघडला तेव्हा पहिला भाव २४४.६५ डॉलर होता. दिवसअखेर शेअर २३७.७६ वर बंद झाला, म्हणजे एका दिवसात २६ टक्क्यांहून जास्त घसरण.

आता समजा, एखाद्याकडे मेटाचे शेअर होते आणि त्याने बुधवारी रात्री अकराला ३०० डॉलरचा स्टॉप-लॉस टाकून दिवा मालवला. त्याच्या मनात हिशेब असा की फार तर २३ डॉलर जातील. पण साधी स्टॉप ऑर्डर, आपल्याकडे जिला एसएल-एम म्हणतात ती, भाव ३०० किंवा त्याखाली गेला की बाजारभावाने विकायचा हुकूम बनते. ती बहुतेक ब्रोकरांकडे नियमित सत्रातच जागी होते, त्यामुळे पहाटेच्या आफ्टर-अवर्समध्ये भाव कोसळत असताना ती गप्प राहते. रात्री आठला बाजार उघडतो, पहिलाच भाव ३०० च्या खाली असतो, ऑर्डर जागी होते आणि शेअर २४४ च्या आसपास विकले जातात. २३ डॉलरच्या जागी ७८ डॉलर जातात. यात ब्रोकरने फसवलेले नाही. त्या ऑर्डरने बाहेर पडण्याची हमी दिली होती, भावाची दिलीच नव्हती.

दुसऱ्या एखाद्याने अधिक हुशारीने स्टॉप-लिमिट टाकली असती: ३०० ला जागी हो, पण २९५ च्या खाली विकू नकोस. ही ऑर्डर उघडताच जागी झाली असती आणि तशीच पडून राहिली असती, कारण २९५ चा भाव त्या दिवशी आलाच नाही. सकाळी उठून त्याने पाहिले असते तर शेअर हातात होते, स्टॉप लागल्याची खूण होती आणि भाव २३७ होता. स्टॉप-लिमिट भावाची हमी देते, बाहेर पडण्याची देत नाही. या दोन हमी एकत्र देणारी ऑर्डर कोणत्याही बाजारात नाही.

तिसरा माणूस खरेदीच्या तयारीत असलेला. निकालानंतर थोडा उतार मिळाला तर घेऊ, म्हणून त्याने ३०० ची लिमिट खरेदी ठेवली. नियमित सत्रापुरती ऑर्डर असेल तर त्याला ३०० ऐवजी २४४ च्या आसपास शेअर मिळाले असते, कारण उघडतानाच्या लिलावात सर्वांना एकच भाव लागतो आणि लिमिट ही कमाल मर्यादा असते. स्वस्तात मिळाले असे वाटेल, पण शेअर दिवसअखेर त्याहूनही खाली होता. आणि त्याने ऑर्डर टाकताना ‘विस्तारित वेळेत चालेल’ ही खूण केली असती, तर पहाटे भाव ३०० च्या खाली घसरत जाताना त्याची ऑर्डर मधेच भरली गेली असती आणि तासाभरात तो तोट्यात गेला असता. लिमिट ऑर्डर स्वस्त भाव देते, पण वाईट बातमीच्या रात्री ती नेमकी नको तेव्हाच भरते.

वर्षभराने याच शेअरमध्ये उलटा प्रसंग घडला. १ फेब्रुवारी २०२३ ला मेटा १५३.१२ डॉलरवर बंद झाला, निकाल चांगले आले, दुसऱ्या दिवशी शेअर १८३ डॉलरच्या आसपास उघडला आणि १८८.७७ वर बंद झाला. ज्याने १६५ ला विकायची साधी लिमिट ठेवली होती त्याला उघडण्याचा, म्हणजे १८३ च्या आसपासचा भाव मिळण्याची शक्यता होती. ज्याने हीच ऑर्डर विस्तारित वेळेसाठी खुली ठेवली, त्याचे शेअर पहाटेच १६५ ला गेले. म्हणून निकालाच्या रात्री झोपून जाणाऱ्या माणसाने विस्तारित वेळेची खूण बंद ठेवलेली बरी. ती खूण जागे राहून पाहणाऱ्यासाठी आहे.

स्टॉप ऑर्डरला आणखी एक खोड आहे, ती गॅपशी जोडलेली. २४ ऑगस्ट २०१५ ला, सोमवारी, चीनमधल्या पडझडीनंतर अमेरिकेचा बाजार घाबरून उघडला. पहिल्या काही मिनिटांत खरेदीदार जवळजवळ नाहीसे झाले आणि स्टॉप ऑर्डरी एकामागून एक जाग्या होऊन एकमेकींना खाली ढकलू लागल्या. जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीचा शेअर २० डॉलरच्या खाली गेला आणि दिवसअखेर त्याहून कितीतरी वर होता. त्या दिवशी शेकडो ईटीएफ आणि शेअरमधले सौदे मिळून हजाराहून जास्त वेळा थांबवावे लागले. काही मिनिटांच्या त्या विहिरीत ज्यांचे शेअर विकले गेले त्यांचा तोटा कायमचा झाला, आणि ज्यांच्याकडे स्टॉप नव्हता ते रात्री काही कळायच्या आत पूर्वपदावर आले. यानंतर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने फेब्रुवारी २०१६ पासून स्वतः स्टॉप ऑर्डर घेणेच बंद केले. आज ग्राहक जी स्टॉप ऑर्डर टाकतो ती ब्रोकरच्या संगणकावर थांबलेली असते आणि भाव लागल्यावर बाजारात जाते. नियमित सत्र संपण्याच्या आत हळूहळू घसरणाऱ्या शेअरसाठी ती चांगलीच उपयोगी आहे. गॅपसमोर ती तोकडी पडते.

गॅपपासून वाचवणारी गोष्ट ऑर्डर नसून रात्री हातात किती शेअर आहेत ही आहे. समजा, खात्यात १०,००० डॉलर आहेत आणि एका व्यवहारात २०० डॉलरपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असे ठरले आहे. मेटा ३२३ ला आणि स्टॉप ३०० ला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे २३ डॉलरची जोखीम. या हिशेबाने ८ शेअर घेता येतात, आणि नेहमीच्या रात्री हा हिशेब बरोबरही असतो. निकालाच्या रात्री मात्र स्टॉपचे अंतर विसरून गॅप किती पडू शकतो ते पाहायला हवे. त्यासाठी कंपनीच्या मागच्या निकालांनंतर शेअर किती अंतराने उघडला हे तक्त्यावर मोजता येते, आणि त्यातला सरासरी आकडा न धरता सर्वांत मोठा धरायचा. फेसबुकच्या बाबतीत तो सापडणे अवघड नव्हते. जुलै २०१८ मध्ये निकालानंतर हाच शेअर एका दिवसात सुमारे १९ टक्के पडला होता. २० टक्के धरले तर ३२३ च्या शेअरमागे ६५ डॉलरची जोखीम होते आणि २०० डॉलरमध्ये फक्त ३ शेअर बसतात. प्रत्यक्षात गॅप त्याहून मोठा निघाला. तीन शेअरवर उघडताना २३५ डॉलर गेले असते, ठरवलेल्यापेक्षा थोडे जास्त. आठ शेअर ठेवणाऱ्याचे ६२७ डॉलर गेले असते, म्हणजे ठरवलेल्याच्या तिपटीहून जास्त. आधीपासून आठ शेअर असतील तर निकालाच्या संध्याकाळीच, साडेसात-आठच्या सुमारास, पाच विकून टाकणे हा त्याच हिशेबाचा दुसरा चेहरा आहे.

एक दिलासा असा की भारतातून जाणारा पैसा उधारीचा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकतो, पण परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी ती रक्कम पाठवता येत नाही. त्यामुळे गॅप कितीही मोठा पडला तरी मध्यरात्री ब्रोकरचा पैसे भरण्याचा तगादा येत नाही आणि तोटा गुंतवलेल्या रकमेपलीकडे जात नाही. याच नियमांमुळे पुट ऑप्शन घेऊन रात्रीचा विमा उतरवण्याचा अमेरिकन मार्ग इथल्या सामान्य गुंतवणूकदाराला सहसा मोकळा नसतो. संख्या कमी ठेवणे हाच त्याचा विमा.

यावरून रोज रात्री सगळे विकून टाकावे असे कुणी ठरवले तर तेही महागात पडते. एस अँड पी ५०० निर्देशांकाचा सर्वांत जुना ईटीएफ १९९३ पासून चालू आहे. त्याच्या भावाचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा असे दिसले की त्याच्या वाढीचा मोठा हिस्सा बाजार बंद असताना, म्हणजे आदल्या दिवसाचा बंद भाव आणि दुसऱ्या दिवसाचा उघडा भाव यांच्यामध्ये आला. गॅप दोन्ही दिशांनी पडतात आणि लांब पल्ल्यात वरच्या गॅपांनी जास्त दिले आहे. धोका रात्रीचा म्हणून सरसकट टाळण्यासारखा नाही. एकाच कंपनीत, निकालाच्या रात्री, मोठ्या संख्येने तो अंगावर घेणे टाळायचे.

हे ध्यानात घेऊन बसवलेली संध्याकाळ फार गुंतागुंतीची नसते. दुपारी किंवा ऑफिस सुटताना आपल्याकडच्या कंपन्यांपैकी कुणाचे निकाल आज आहेत का, आणि ते उघडण्यापूर्वी आहेत की बंद झाल्यावर, एवढे पाहायचे. साडेसातच्या आसपास, सुरुवातीची धावपळ ओसरल्यावर, खरेदी करायची तर लिमिट ऑर्डर टाकायची. मार्केट ऑर्डर रात्रभर पडून राहू द्यायची नाही, कारण ती दुसऱ्या दिवशी उघडताना जो मिळेल त्या भावाने भरते. खरेदी झाली की विक्रीच्या दोन ऑर्डरी एकमेकींना बांधून ठेवायच्या, वर नफ्याची लिमिट आणि खाली स्टॉप, म्हणजे एक लागली की दुसरी आपोआप रद्द होते. ब्रोकर या जोडीला ओसीओ किंवा ब्रॅकेट ऑर्डर म्हणतात. ही सोय भारतातल्या प्रत्येक अॅपवर नाही. जिथे नाही तिथे दोन्ही ऑर्डरी स्वतंत्रपणे टाकण्याचा मोह आवरावा, नाहीतर त्याच शेअरवर दोन विक्रीचे हुकूम राहतात किंवा दुसरा नाकारला जातो. अशा ठिकाणी एकच निवडायची, आणि झोपणाऱ्याने स्टॉप निवडावा.

ऑर्डरची मुदत हा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो. ‘डे’ ऑर्डर त्या सत्राच्या शेवटी, म्हणजे रात्री दीडला मरते. सकाळी उठून स्टॉप आहे असे समजणाऱ्या माणसाकडे प्रत्यक्षात काहीच नसते. रोज नव्याने टाकायची नसेल तर जीटीसी, म्हणजे रद्द करेपर्यंत चालणारी ऑर्डर हवी, आणि तीही ब्रोकरनुसार ९० किंवा १८० दिवसांनी संपते. अपूर्णांकात घेतलेल्या शेअरवर, जसे ०.४ मेटा, अनेक ठिकाणी स्टॉप किंवा जीटीसी चालतच नाही. झोपण्यापूर्वी ऑर्डरच्या यादीत जाऊन प्रकार, मुदत आणि संख्या हे तीन रकाने वाचणे म्हणजे मिनिटभराचे काम. फोनवर भावाची घंटी लावून ठेवणे मात्र उलटे पडते. पहाटे दोनला आफ्टर-अवर्सच्या पातळ बाजारात वाजलेली घंटी माणसाला उठवते आणि अर्धवट झोपेत सर्वांत वाईट भावाला विकायला लावते.

अलीकडे काही ब्रोकर रात्रभराचे सत्रही देऊ लागले आहेत. ते तिथल्या रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत, म्हणजे भारतात उन्हाळी वेळेत पहाटे साडेपाच ते दुपारी दीड असे चालते. मुंबई-पुण्यातल्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर अमेरिकन शेअर विकता येतात, ही गोष्ट ऐकायला सोयीची आहे. पण हा बाजार एक्स्चेंजवर न चालता खासगी व्यवहार केंद्रांवर चालतो, उलाढाल फार थोडी असते आणि गर्दीच्या दिवशी तो कोलमडू शकतो. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानचा बाजार कोसळला तेव्हा यातले प्रमुख केंद्र बंद पडले आणि झालेले सौदे रद्द झाले, त्याची झळ सर्वाधिक दक्षिण कोरियातल्या छोट्या गुंतवणूकदारांना बसली. विकले असे समजून निवांत झालेल्यांच्या खात्यात शेअर परत आले. या सत्रात फक्त लिमिट ऑर्डर घेतली जाते, आणि भारतातल्या शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंतचे ४८ तास तिथेही कोणताच सौदा होत नाही.